नवा भागीदार, जुना हिशेब

एक तरुण आपल्या दोन मामांच्या दुकानात भागीदार म्हणून येतो. येताना फर्मच्या बँक खात्यात चार लाख वीस हजार रुपये भरतो. पुढे हिशेबनीस नवा ताळेबंद त्याच्यासमोर ठेवतो, तेव्हा त्याच्या नावापुढे भांडवल म्हणून तीन लाखच दिसतात. उरलेले एक लाख वीस हजार गेले कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि तो अगदी रास्त आहे. ते पैसे दोन्ही मामांच्या खात्यांत जमा झालेले असतात. ते त्यांना का मिळाले आणि कोणत्या प्रमाणात मिळाले, एवढे नीट उलगडले की नव्या भागीदाराच्या प्रवेशाचा सगळा हिशेब हाताशी येतो.

या हिशेबातली चूक प्रवेशाच्या दिवशी कुणाला टोचत नाही, कारण त्या दिवशी सगळे आनंदात असतात. ती बाहेर येते काही वर्षांनी. दुकानाची जागा विकली जाते, एखादा भागीदार निवृत्त होतो, किंवा एखाद्याच्या पश्चात त्याची मुले वडिलांचा वाटा मागायला येतात, तेव्हा जुन्या वह्या उघडल्या जातात आणि नात्यातली माणसे वकिलांकडे जातात. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू. माणसे आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. पद्धत मात्र खरीखुरी, रोजच्या वापरातली आहे.

दुकान आणि त्याचा ताळेबंद

तालुक्याच्या गावात दोन भावांचे पाण्याच्या मोटारी आणि पंपांचे दुकान आहे. विक्री होते, मोटारी रिवाइंड करून मिळतात, शेतकऱ्यांना उधारी दिली जाते. नफ्यात थोरल्या भावाचे तीन आणि धाकट्याचे दोन वाटे आहेत. दोघांनी ठरवले आहे, की इंजिनिअर झालेल्या भाच्याला १ एप्रिलपासून भागीदार करून घ्यायचे आणि नफ्याचा सहावा हिस्सा द्यायचा. भाच्याने भांडवल म्हणून तीन लाख आणायचे.

३१ मार्चचा ताळेबंद असा आहे. दुकानाची जागा वहीत सहा लाखांना, यंत्रे आणि हत्यारे दोन लाखांना, माल पाच लाखांचा, उधारीची येणी तीन लाख आणि बँकेत दीड लाख. एकूण मालमत्ता साडेसतरा लाख. त्यासमोर व्यापाऱ्यांची देणी साडेतीन लाख, नफ्यातून बाजूला ठेवलेला राखीव निधी दीड लाख, थोरल्यांचे भांडवल ८,१०,००० आणि धाकट्यांचे ४,४०,०००.

हा ताळेबंद पाहून भाचा म्हणू शकतो, "मामा, इथे गुडविलचा एक पैसाही लिहिलेला नाही. मग मी ते का द्यायचं?" हा मुद्दा थोडा बाजूला ठेवू. त्याआधी करायचे एक काम आहे.

आधी आजवरचे मिटवायचे

भागीदार बदलतो त्या दिवशी हिशेबात एक रेघ ओढावी लागते. रेघेच्या आधी जे कमावले आणि जे गमावले, ते जुन्या भागीदारांचे, जुन्या प्रमाणात. रेघेनंतरचे सगळे तिघांचे, नव्या प्रमाणात. प्रवेशाच्या वेळची प्रत्येक नोंद या एका तत्त्वातून निघते. ३१ मार्चच्या ताळेबंदात मात्र आजवर झालेले सगळे दिसत नाही, कारण बऱ्याच गोष्टी वहीत जुन्याच किमतीला पडून असतात. म्हणून पुनर्मूल्यांकन करावे लागते.

आपल्या दुकानाची जागा वहीत सहा लाखांना असली तरी नोंदणीकृत मूल्यांकनकाराने तिची किंमत आठ लाख ठरवली. म्हणजे दोन लाखांची वाढ. मालाची मोजदाद केली तेव्हा जुन्या मॉडेलचे काही पंप निघाले, जे आता भंगाराच्या भावानेच जातील; तिथे पन्नास हजार कमी धरावे लागले. उधारीची यादी नावानिशी तपासली तेव्हा तीन लाखांपैकी तीस हजार येण्याची आशा धूसर दिसली, म्हणून तेवढ्याची संशयित कर्ज निधी म्हणून तरतूद केली. शिवाय एका दुरुस्तीचे वीस हजारांचे बिल वहीत चढवायचे राहून गेले होते, ते देणे म्हणून दाखवले. वाढ दोन लाखांची, घट एक लाखाची. निव्वळ नफा एक लाख.

या सगळ्या नोंदी ज्या खात्यातून जातात त्याला पुनर्मूल्यांकन खाते म्हणतात. नफा-तोटा समायोजन खाते हे त्याचे दुसरे नाव. त्यात उरलेला एक लाखाचा नफा जुन्या प्रमाणात वाटायचा. थोरल्यांना साठ हजार, धाकट्यांना चाळीस हजार.

राखीव निधीचेही तेच. तो दीड लाख मागच्या वर्षांच्या नफ्यातून साठलेला आहे आणि ती वर्षे दोघांचीच होती. थोरल्यांच्या खात्यात नव्वद हजार, धाकट्यांच्या खात्यात साठ हजार जमा झाले आणि निधीचे खाते बंद झाले. आता थोरल्यांचे भांडवल ९,६०,००० आणि धाकट्यांचे ५,४०,०००. दोघांचे मिळून पंधरा लाख.

हे काम टाळले तर काय होते, तेही आकड्यांत पाहू. जागा वहीत सहा लाखांनाच राहू दिली आणि दोन वर्षांनी ती आठ लाखांना विकली, तर दोन लाखांचा नफा तिघांत वाटला जाईल. त्यातले तेहतीस हजारांहून अधिक भाच्याला मिळतील, जरी ती वाढ तो येण्याआधीची असली तरी. उलट बाजूने, बुडीत उधारीची तरतूद केली नाही तर ते तीस हजार बुडाल्यावर पाच हजारांचा फटका भाच्याला बसेल. ज्या उधारीत त्याचा काही संबंध नव्हता, तिचा तोटा त्याने का सोसावा? पुनर्मूल्यांकन दोन्ही बाजूंना सांभाळते. ते नवा आलेल्यावरचा अविश्वास नाही, हे जुन्या भागीदारांनी आणि नव्यानेही ध्यानात घ्यावे.

गुडविलची किंमत कशी काढायची

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. गुडविल, म्हणजे अभ्यासाच्या पुस्तकांत जिला ख्याती म्हणतात, ती वहीत लिहिलेली नसली तरी असते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १४ मध्ये फर्मच्या मालमत्तेत धंद्याच्या गुडविलचा समावेश स्पष्टपणे केला आहे. पंधरा लाखांच्या भांडवलावर कुठलेही दुकान जेवढे कमावते त्यापेक्षा हे दुकान जास्त कमावत असेल, तर त्या जास्तीच्या कमाईचे काही मोल आहे. गावातला शेतकरी मोटार जळाली की दुसरीकडे न जाता इथेच येतो, कंपनी इथेच एजन्सी देते, हे त्या मोलाचे कारण.

ते मोजायची एक समजायला सोपी रीत अशी. मागच्या तीन वर्षांचा नफा ८,१०,०००, ९,९०,००० आणि ९,६०,००० होता. मधल्या वर्षात जुना टेम्पो विकून साठ हजारांचा नफा झाला होता. तो दरवर्षी होणारा नाही, म्हणून वगळायचा. उरलेल्या आकड्यांची सरासरी नऊ लाख.

इथे एक महत्त्वाची वजावट असते आणि लहान दुकानांच्या हिशेबात तीच बहुतेक वेळा राहून जाते. दोघे मामा सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात राबतात, पण पगार घेत नाहीत. वर्षअखेरीस नफाच वाटून घेतात. त्यांच्या जागी माणसे ठेवली असती तर दरमहा प्रत्येकी निदान वीस हजार द्यावे लागले असते. वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. ही रक्कम त्यांच्या कष्टांचा मोबदला आहे, दुकानाच्या नावाचा नाही. ती वजा केल्यावर उरतात चार लाख वीस हजार.

पंधरा लाख रुपये अशाच दुसऱ्या धंद्यात गुंतवले तर वर्षाला बारा टक्के सुटले असते, असे दोन्ही पक्षांनी मान्य केले. ते झाले एक लाख ऐंशी हजार. चार लाख वीस हजारांतून ते वजा केले की दोन लाख चाळीस हजार उरतात. हा अधिनफा, म्हणजे कष्ट आणि भांडवल दोन्हींचा रास्त मोबदला दिल्यावरही हाती राहणारी कमाई. गुडविल या आकड्यावर काढायचे.

किती वर्षांच्या खरेदीने काढायचे, हा मात्र वाटाघाटीचा भाग आहे. तीन वर्षे धरली तर गुडविल सात लाख वीस हजार होते, दोन वर्षे धरली तर चार लाख ऐंशी हजार. भाच्याच्या सहाव्या हिश्श्यापुरता हा फरक चाळीस हजारांचा आहे. वर्षे ठरवताना विचारायचे ते एवढेच, की आजचे गिऱ्हाईक किती काळ टिकेल. गिऱ्हाईक दुकानाची जागा आणि एजन्सी पाहून येत असेल तर तीन वर्षे रास्त. ते केवळ थोरल्या मामांच्या हातच्या वाइंडिंगसाठी येत असेल आणि मामा दोन वर्षांत थांबणार असतील, तर तीन वर्षे जास्त होतील. आपल्या उदाहरणात एजन्सी आणि मोक्याची जागा दोन्ही असल्याने तीन वर्षांवर एकमत झाले. दुकानाचे गुडविल सात लाख वीस हजार, त्याचा सहावा हिस्सा एक लाख वीस हजार.

नफ्याचे आकडे खरे आहेत की नाहीत, हे भाच्याने स्वतः पाहावे. विक्री जीएसटीच्या विवरणपत्रांशी जुळते का, शेवटच्या वर्षाच्या अखेरीस मालाची किंमत अचानक फुगवली आहे का, घरचे खर्च दुकानात चढवले आहेत का, हे एखाद्या सीएकडून तपासून घेता येते. "वहीत दिसतो त्यापेक्षा खरा नफा जास्त आहे," असे जुन्या भागीदारांनी सांगितले तर त्याचे उत्तर ठाम असावे: वहीत न दाखवलेल्या नफ्यावर गुडविल मागता येत नाही.

ते पैसे कुणाचे

एक लाख वीस हजार फर्मला मिळायला हवेत, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. भाच्याला मिळालेला सहावा हिस्सा हवेतून आलेला नाही. तो कुणीतरी सोडला आहे. ज्याने सोडला, त्याला त्याची किंमत मिळायला हवी. म्हणून गुडविलची रक्कम त्यागाच्या प्रमाणात वाटतात. प्रत्येकाचा जुना हिस्सा वजा नवा हिस्सा, म्हणजे त्याचा त्याग.

सहावा हिस्सा भाच्याला दिल्यावर पाच षष्ठांश उरतात. ते मामांनी आपसांत तीनास दोन याच प्रमाणात ठेवले, तर थोरल्यांचा हिस्सा तीन षष्ठांश, धाकट्यांचा दोन षष्ठांश आणि भाच्याचा एक षष्ठांश होतो. नवे प्रमाण तीन, दोन आणि एक. यात दोघांनी आपापल्या हिश्श्याचा सारखाच भाग सोडलेला आहे, म्हणून त्यागही तीनास दोन. एक लाख वीस हजारांतले बहात्तर हजार थोरल्यांचे आणि अठ्ठेचाळीस हजार धाकट्यांचे.

पण समजा थोरले मामा म्हणाले, "धाकट्याचा वाटा कमी करायचा नाही, भाच्याला मी माझ्यातलाच देतो." मग धाकट्यांचा हिस्सा दोन पंचमांशच राहील, थोरल्यांचा तीन पंचमांशातून सहावा हिस्सा वजा होऊन तीसपैकी तेरा उरेल आणि नवे प्रमाण तेरा, बारा आणि पाच असे होईल. त्याग फक्त थोरल्यांनी केला, म्हणून सगळे एक लाख वीस हजार त्यांचे. अशा वेळी हिशेबनिसाने सवयीने जुन्या प्रमाणात वाटप केले, तर थोरल्यांचे अठ्ठेचाळीस हजार काही कारण नसताना धाकट्यांच्या खात्यात जातात. ही चूक फार होते, कारण बहुतेक वेळा त्यागाचे प्रमाण आणि जुने प्रमाण एकच असते आणि मग दोन्ही एकच आहेत असे मनात बसून जाते. पुनर्मूल्यांकनाचा नफा आणि राखीव निधी जुन्या प्रमाणात, गुडविल त्यागाच्या प्रमाणात. हा भेद कधीही सोडू नये.

वहीतली नोंद

भाच्याने पैसे भरले त्या दिवशीची रोजकीर्दीची नोंद अशी होते. बँक खाते नावे ४,२०,०००. भाच्याचे भांडवल खाते जमा ३,००,०००. गुडविल खाते जमा १,२०,०००. लगेच दुसरी नोंद. गुडविल खाते नावे १,२०,०००. थोरल्यांचे भांडवल खाते जमा ७२,०००. धाकट्यांचे भांडवल खाते जमा ४८,०००. गुडविल खात्यात काहीच शिल्लक उरत नाही आणि ताळेबंदात ते दिसतही नाही.

पूर्वी अनेक फर्ममध्ये संपूर्ण सात लाख वीस हजारांचे गुडविल मालमत्ता म्हणून उभे करत आणि तेवढीच मामांची भांडवले वाढवत. आज तसे करू नये. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखा मानक २६ नुसार, धंद्यात आपोआप तयार झालेले गुडविल मालमत्ता म्हणून दाखवायचे नसते. पैसे मोजून विकत घेतलेले गुडविल तेवढे वहीत येते. यामागचे कारण व्यवहारी आहे. सात लाखांचा आकडा लिहिल्याने दुकानात एक रुपयाही आलेला नसतो, पण भांडवल मात्र फुगलेले दिसते. त्यावर व्याज देण्याचे ठरले असेल तर तेही फुगते. कर्ज देताना बँक असा आकडा भांडवलातून वजाच करते.

तरीही संपूर्ण आकडा उभा करून लगेच पुसून टाकण्याची एक कसोटी कागदावर जरूर करून पाहावी, कारण तिच्यातून वाटप बरोबर आहे की नाही ते कळते. सात लाख वीस हजार जुन्या प्रमाणात जमा केले तर थोरल्यांना ४,३२,००० आणि धाकट्यांना २,८८,००० मिळतात. तीच रक्कम नव्या तीन-दोन-एक प्रमाणात वजा केली तर थोरल्यांचे ३,६०,०००, धाकट्यांचे २,४०,००० आणि भाच्याचे १,२०,००० जातात. शेवटी थोरल्यांना बहात्तर हजार आणि धाकट्यांना अठ्ठेचाळीस हजार जास्त, भाच्याला एक लाख वीस हजार कमी. आधीचेच उत्तर पुन्हा आले. प्रमाणे कितीही वेडीवाकडी असली तरी ही कसोटी चुकत नाही. एखाद्या जुन्या भागीदाराचा हिस्सा या फेरबदलात वाढला असेल, तर त्यालाही पैसे द्यावे लागतील, हे ती आपोआप दाखवते.

भाच्याकडे गुडविलचे पैसे रोख नसतील तर? मग बँकेत तीनच लाख येतात आणि नोंद अशी होते: भाच्याचे भांडवल किंवा चालू खाते नावे १,२०,०००, दोघा मामांची खाती जमा ७२,००० आणि ४८,०००. ही रक्कम भांडवल खात्यातून वळती केली तर त्याचे भांडवल १,८०,००० वर येते. चालू खात्याला टाकली तर तेवढे देणे त्याच्या नावावर राहते आणि पुढच्या नफ्यातून फेडता येते. दोन्ही चालतात. कोणते, ते करारात लिहिलेले असावे.

एखादे वेळी जुन्या ताळेबंदात गुडविल आधीच लिहिलेले आढळते. ते तसेच ठेवून भाच्याकडून पुन्हा गुडविल घेणे म्हणजे एकाच गोष्टीची किंमत दोनदा मोजणे. अशा वेळी आधी ते जुने गुडविल जुन्या भागीदारांच्या खात्यांना जुन्या प्रमाणात नावे टाकून काढून टाकायचे, मगच नवा हिशेब करायचा.

भांडवल नव्या हिश्श्यांना जुळवणे

गुडविल जमा झाल्यावर थोरल्यांचे भांडवल १०,३२,००० आणि धाकट्यांचे ५,८८,००० झाले. भाच्याचे तीन लाख. नफ्याचे प्रमाण तीन, दोन, एक असताना भांडवलाचे प्रमाण तसे नाही. ते तसे असायलाच हवे अशी कायद्याची सक्ती नाही. पण भांडवलावर व्याज दिले जाणार नसेल, तर ज्याचे जास्त पैसे अडकले आहेत त्याच्यावर अन्याय होतो, म्हणून अनेक फर्म भांडवलही नव्या प्रमाणात आणून ठेवतात.

आधार धरायचा भाच्याचा. सहाव्या हिश्श्याला तीन लाख, म्हणजे पूर्ण फर्मचे भांडवल अठरा लाख. थोरल्यांचे नऊ लाख असायला हवेत, धाकट्यांचे सहा लाख.

| | थोरले | धाकटे | भाचा |
|---|---|---|---|
| ३१ मार्चचे भांडवल | ८,१०,००० | ४,४०,००० | – |
| पुनर्मूल्यांकनाचा नफा | ६०,००० | ४०,००० | – |
| राखीव निधी | ९०,००० | ६०,००० | – |
| गुडविल | ७२,००० | ४८,००० | – |
| आणलेले भांडवल | – | – | ३,००,००० |
| एकूण | १०,३२,००० | ५,८८,००० | ३,००,००० |
| हवे असलेले भांडवल | ९,००,००० | ६,००,००० | ३,००,००० |
| फरक | १,३२,००० काढायचे | १२,००० भरायचे | – |

थोरल्यांनी एक लाख बत्तीस हजार काढून घेतले, धाकट्यांनी बारा हजार भरले. आता बँकेत आधीचे दीड लाख, भाच्याचे चार लाख वीस हजार आणि धाकट्यांचे बारा हजार मिळून, त्यातून थोरल्यांची रक्कम वजा जाता, साडेचार लाख उरतात. जागा आठ लाख, यंत्रे दोन लाख, माल साडेचार लाख आणि येणी दोन लाख सत्तर हजार. एकूण एकवीस लाख सत्तर हजार. समोर व्यापाऱ्यांची देणी साडेतीन लाख, दुरुस्तीच्या बिलाचे वीस हजार आणि तिघांचे भांडवल अठरा लाख. तेही एकवीस लाख सत्तर हजार. ताळेबंद जुळला.

जुळलेला ताळेबंद बरोबर असतोच असे मात्र नाही. गुडविल चुकीच्या प्रमाणात वाटले तरी दोन्ही बाजू जुळतातच, कारण चूक एका मामाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात गेलेली असते. म्हणून एकूण बेरजेपेक्षा वरच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ तपासायची.

थोरल्यांनी पैसे लगेच काढावेत का, हा हिशेबापेक्षा धंद्याचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात पंपांचा माल भरायला पैसा लागतो. तेव्हा ते एक लाख बत्तीस हजार त्यांच्या चालू खात्यात जमा ठेवता येतात. ते भांडवलात धरायचे नाहीत आणि त्यावर व्याज किती, ते आधी ठरवायचे.

करारात न लिहिल्याची किंमत

आतापर्यंतचा सगळा हिशेब भागीदारीपत्रावर उभा आहे. नव्या भागीदाराला घ्यायला, वेगळा करार नसेल तर, सगळ्या जुन्या भागीदारांची संमती लागते. हे कलम ३१ सांगते. तो येण्याआधी फर्मने केलेल्या व्यवहारांची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, हेही तेच कलम सांगते. आणि नफ्याचे प्रमाण करारात नसेल तर कलम १३ प्रमाणे सगळ्यांचे हिस्से समान धरले जातात. "सहावा हिस्सा" हे केवळ बोलण्यात राहिले आणि कागदावर आले नाही, तर कायद्याच्या नजरेत भाच्याचा हिस्सा एक तृतीयांश होऊ शकतो. फर्म नोंदणीकृत असेल तर हा बदल फर्म निबंधकाकडेही कळवायचा असतो.

गुडविलबाबतचे मौनही असेच महागात पडते. समजा करारात एवढेच लिहिले, की भाचा चार लाख वीस हजार आणून सहावा हिस्सा घेईल. भांडवल किती आणि गुडविल किती, हे लिहिले नाही. मग ते उलटे मोजून काढतात. सहाव्या हिश्श्याला चार लाख वीस हजार, तर पूर्ण फर्मची किंमत पंचवीस लाख वीस हजार. प्रत्यक्षात मामांचे पंधरा लाख आणि भाच्याचे चार लाख वीस हजार मिळून एकोणीस लाख वीस हजारच आहेत. मधला सहा लाखांचा फरक म्हणजे न लिहिलेले गुडविल, आणि त्यातला भाच्याचा भाग एक लाख. ठरले होते एक लाख वीस हजार. दोघा मामांच्या हातून वीस हजार गेले आणि कुणी खोटे बोललेले नाही.

गुडविलची रक्कम भाच्याने फर्मच्या खात्यात न भरता मामांना परस्पर दिली तरी चालते. तेव्हा फर्मच्या वहीत तिची नोंदच होत नाही. पण अशा वेळी बँकेतूनच पैसे द्यावेत आणि कशासाठी दिले ते करारात लिहावे. नाहीतर उद्या तीच रक्कम उसनी दिली होती, असे एखादा वारस म्हणू शकतो.

प्रवेशाची तारीख शक्यतो १ एप्रिल धरावी. वर्षाच्या मध्येच भागीदार घेतला तर त्या दिवसापर्यंतचा नफा वेगळा काढून जुन्या प्रमाणात वाटावा लागतो. पंपांच्या धंद्यात विक्री वर्षभर सारखी नसते, त्यामुळे महिने मोजून केलेली विभागणी खोटी ठरते आणि विक्रीच्या आधाराने करावी लागते.

भागीदारीत येणाऱ्या आणि भागीदार घेणाऱ्या प्रत्येकाला एवढेच कळकळीने सांगायचे आहे. सही करण्याआधी तीन कागद मागा: पुनर्मूल्यांकनाची यादी, गुडविल कसे काढले त्याचा हिशेब, आणि प्रत्येकाच्या भांडवल खात्याचा वरच्यासारखा तक्ता. तिन्ही कागदांवर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ते भागीदारीपत्राला जोडा. एक बैठक आणि सीएची फी, एवढाच त्याचा खर्च. तो वाचवला तर पुढे वादाच्या वेळी कुणाचे किती हे दाखवायला कागद उरत नाही, आणि तोंडी शब्दावर कोर्टात हिस्सा सिद्ध करणे फार कठीण जाते.